भरत होती की भरायची

मादाम उगेत लाशोम यांच्या फळ्याच्या कडेला कायम दोन खडू असत, एक निळा आणि एक तांबडा. मी त्याच शाळेत लहान वर्गाची मदतनीस होते. संध्याकाळी वर्ग झाडून घेताना त्यांचा फळा मीच पुसायची, म्हणून मला माहीत. हिवाळ्यात चौथीच्या मुलांना भूतकाळातली गोष्ट लिहायला शिकवायच्या दिवसांत माझा ओला फडका निम्मा निळा आणि निम्मा तांबडा व्हायचा.

त्यांची शिकवण सोपी होती. गोष्ट म्हणजे नाटक. मागे रंगवलेला पडदा असतो, पुढे पात्र येतं. पडदा निळ्या खडूनं लिहायचा: बर्फ पडत होतं, रान गप्प होतं, म्हातारी लाकडं गोळा करत होती. पात्र तांबड्यानं: लांडगा आला. म्हातारी पळाली. निळ्यात काळ पसरतो, तांबड्यात काही तरी घडतं. नुसतं निळं लिहिलंत तर वाचणारा झोपतो, नुसतं तांबडं लिहिलंत तर तो पोलिसांचा अहवाल होतो, असं त्या म्हणायच्या.

आपण मराठी शाळेत शिकलो तेव्हा अपूर्ण भूतकाळ वेगळा होता आणि रीती भूतकाळ वेगळा. 'करत होती' म्हणजे त्या वेळी चाललेलं, 'करायची' म्हणजे नेहमीचं. फ्रेंचमध्ये ह्या दोघांना एकच रूप. म्हातारी लाकडं गोळा करत होती आणि म्हातारी लाकडं गोळा करायची, लिहायचं झालं तर अक्षरही बदलत नाही. कुठला अर्थ घ्यायचा ते शेजारच्या शब्दांवरून कळतं. 'त्या दिवशी' आलं की एक अर्थ, 'दर हिवाळ्यात' आलं की दुसरा. इथली माणसं ह्याचा विचारही करत नाहीत. मला पहिली काही वर्षं करावा लागला, म्हणून हे लक्षात राहिलं.

मादाम लाशोम आमच्याच वाल्रोश गावच्या. वडील टपाल वाटायचे, आई शिवणकाम करायची. विसाव्या वर्षी त्या शिक्षिका झाल्या आणि पहिल्या नेमणुकीला गावातच आल्या. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. सरकारी शाळेत देवाचं नाव काढायचं नाही हा नियम त्यांनी कडक पाळला, आणि रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसायच्या, तेही तितकंच नेमानं. आम्ही दोघी भजनमंडळात शेजारी उभ्या राहायचो. त्यांचा आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. भाषेचा त्यांना अभिमान होता. नगरपालिकेचं पत्र आलं की आधी त्यातल्या चुका काढायच्या, मग ते वाचायच्या. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला, शोकपत्र लिहायचं असलं, तर लोक त्यांच्याकडे जायचे.

जिनेत प्रादो ही त्यांची अगदी पहिल्या वर्गांपैकी एका वर्गातली विद्यार्थिनी. पुढे ती शाळेच्या भोजनघरात लागली आणि एकोणीस वर्षं राहिली. मधे कधी तरी नगरपालिकेनं भोजनघर एका कंपनीकडे दिलं. जेवण मोठ्या गाडीतून येऊ लागलं, जिनेत ते गरम करून वाढायची आणि भांडी घासायची. जाडजूड, लालबुंद गालांची, तोंडाची फटकळ बाई. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी मादाम लाशोमना 'बाई' म्हणायची आणि त्या तिला 'तू'.

"बाई, तो तुमचा लांडगा इतकी वर्षं उपाशी आहे," ती वाढताना म्हणायची. "एकदा त्याला म्हातारी खाऊ द्या, आणि मुलांना सोडा वेळेवर. सूप गार होतं."

"तू चौथीत असतानाही तुझं लक्ष सूपातच होतं, जिनेत."

"म्हणून तर मी इथं आले आणि हुशार मुलं शिकायला लिमोझला गेली."

हे रोजचं होतं. सगळे हसायचे.

आता त्या गुरुवारचं सांगते. तारीख सांगते, कारण पुढे तारखेलाच किंमत आली: बारा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. शाळेसमोर राहणारे म्हातारे ओमासाँ कंबरेचं हाड मोडून सहा आठवडे इस्पितळात होते, ते त्या सकाळी घरी आले. घरात पावाचा तुकडा नव्हता. जेवणात कोंबडी होती आणि उरली होती. उरलेलं फेकायचं, कुणालाही द्यायचं नाही, असा कंपनीचा नियम भिंतीवरच लावलेला. जिनेतनं दोन तंगड्या आणि थोडा भात डब्यात भरला. तेवढ्यात मादाम लाशोम चष्मा विसरला म्हणून परत आत गेल्या. जिनेतनं डबा पिशवीत सरकवला आणि लाजली. "ओमासाँसाठी आहे, बाई," ती म्हणाली. त्या म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही." झालं एवढंच.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे नवे पर्यवेक्षक आले, मोस्य देल्मास. तरुण माणूस, नम्र. शिक्षकांच्या टेबलावर बसून जेवले. अन्न किती वाया जातं ह्यावर बोलणं निघालं आणि मादाम लाशोमनी जिनेतचा किस्सा सांगितला. वाईट हेतू नव्हता. त्यांना किस्से रंगवून सांगता यायचे, म्हणून सांगितला. जिनेतचे गाल कसे लाल झाले, चॉकलेट चोरताना सापडलेल्या मुलीसारखी ती कशी उभी राहिली. सगळे हसले, मोस्य देल्मासही हसले. मीही हसले. कॉफी झाल्यावर त्यांनी बाईंना बाजूला घेतलं, हे मला पुढे कळलं.

"तुम्ही जे पाहिलंत ते दोन ओळींत लिहून द्याल का? नुसतं फायलीसाठी."

"तिला काही होणार नाही ना?"

"ताकीद देऊ फार तर. नियम आहे, मादाम. आणि तुमच्याइतकं नीट लिहिणारं इथं दुसरं आहे कोण?"

बाई नाही म्हणू शकल्या असत्या. पुष्कळदा मी विचार करते, त्यांना कशानं हो म्हणायला लावलं. भीती नव्हती, लोभ नव्हता. मला वाटतं ते शेवटचं वाक्य.

बुधवारी शाळा नसते. त्या बुधवारी दुपारी त्यांनी तो कागद लिहिला. पहिला मसुदा केला तो असा, हे त्यांनी मला नंतर सांगितलं: 'गुरुवार दिनांक बारा मार्च रोजी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी मी मादाम प्रादो यांना उरलेली कोंबडी डब्यात भरताना पाहिलं.' वाचून त्यांना तो पोलिसांचा अहवाल वाटला. त्यांनी तो फाडला आणि पडद्यापासून सुरुवात केली. दुसरा मसुदा, तिसरा. शेवटी स्वच्छ अक्षरात उतरवला. खोटी साक्ष दिली तर शिक्षा होते हे मला माहीत आहे, हे वाक्य नियमाप्रमाणे हातानं लिहिलं, सही केली, ओळखपत्राची प्रत जोडली.

कागदात होतं ते असं: गुरुवारी कोंबडी असायची. मुलं जेवून अंगणात जायची. मादाम प्रादो उरलेलं एका डब्यात भर...

इथं मला मराठीत थांबावं लागतं. भरत होत्या, की भरायच्या? फ्रेंचमध्ये बाईंना थांबावं लागलं नाही. त्यांनी एकच क्रियापद लिहिलं आणि पुढे गेल्या: मी आत गेले. त्यांनी डबा पिशवीत सरकवला.

बारा मार्च तिसऱ्या मसुद्यातून गळून गेला होता. खाली होती ती फक्त लिहिल्याची तारीख.

एप्रिलमध्ये जिनेतला बोलावणं आलं, मग पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की एका साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार तुम्ही गुरुवारी उरलेलं अन्न डब्यात भरून नेत असता, हे वारंवार घडलेलं असल्यामुळे गंभीर गैरवर्तन ठरतं, तुम्हाला तात्काळ कामावरून कमी करण्यात येत आहे. एकदाच्या दोन तंगड्यांवर कुणाला असं काढता आलं नसतं. वारंवारवर काढता आलं.

कुणी सांगितलं ते जिनेतला कळलं नाही. वाढताना आपल्याच तोंडून काही निसटलं आणि ते मोस्य देल्मासनी ऐकलं असेल, असा तिचा समज. मादाम लाशोमना वाटलं, आपल्या कागदाशिवाय कंपनीकडे आणखी काही असणार. आपण तर एकाच दिवसाचं लिहिलं. त्या जिनेतच्या घरी केक घेऊन गेल्या, धीर दिला. ते ऐकून मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं होतं. कागदाचं मला तेव्हा माहीत नव्हतं.

जिनेतनं कामगार न्यायालयात दावा लावला. समेटाची बैठक झाली, समेट झाला नाही. मग नियमाप्रमाणे कंपनीला आपले कागद तिच्या बाजूला द्यावे लागले. ते आले ऑक्टोबरमध्ये.

त्या बुधवारी मी मादाम लाशोमच्या स्वयंपाकघरात होते. सर्व संतांच्या सणाची भजनं बसवत होतो. जिनेत दार वाजवून आत आली, कोट काढला नाही.

"बस, कॉफी घे," बाई म्हणाल्या.

"उभीच बरी आहे." तिनं घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. "हे अक्षर कुणाचं, ते मला विचारावं लागलं नाही. मी ह्याच अक्षरावर गिरवलंय."

बाईंनी कागद पाहिला.

"वाचा, बाई. मोठ्यानं. आम्हाला उभं करून वाचायला लावायचात तसं."

"जिनेत, मी फक्त त्या दिवसाचं लिहिलंय. मी आत आले तेव्हा तू भरत होतीस, एवढंच."

"मग वाचा की."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. गुरुवारी कोंबडी असायची. मुलं जेवून अंगणात जायची. तिसऱ्या वाक्याच्या क्रियापदाशी त्या थांबल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. जो अर्थ कंपनीनं घेतला तो त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला, एवढं मी शपथेवर सांगते.

"पुढे लिहिलंय ना," त्या सावकाश म्हणाल्या. "मी आत गेले, असं. त्यावरून एकच दिवस आहे हे कळतं."

"वकील पुढचं वाचत नाही. तो तिसऱ्या वाक्यावर थांबला. आणि त्याला दोष कसा देऊ? कोंबडी असायची, ते दर गुरुवारचं. मुलं जायची, ते दर गुरुवारचं. मग माझंच एका गुरुवारचं कसं? मी चौथीत असं लिहिलं होतं तेव्हा तुम्ही समासात काय लिहिलंत?"

"जिनेत..."

"काय लिहिलंत?"

"'कधी?' असं लिहिते मी."

"असंच लिहिलंत. एक गुणही कापलात." तिनं कागदाची घडी केली. "आणि केक घेऊन आलात. मी तो खाल्ला."

"मला ठाऊक नव्हतं गं असं होईल."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर मग गावात कुणाला असणार?"

जिनेत गेल्यावर बाईंनी लगेच नवा कागद घेतला. मी समोर बसले होते. बारा मार्च, एक वाजून वीस मिनिटं, एकदाच, त्याआधी किंवा नंतर कधीही नाही, ओमासाँ यांच्यासाठी. एकही निळं वाक्य नाही. तो त्यांनी जिनेतच्या कामगार संघटनेच्या माणसाकडे स्वतः नेऊन दिला. मीही लिहून दिलं, की मी रोज तिथं असते आणि मी असं कधी पाहिलं नाही. पण न पाहिलेल्याला साक्षीत फारसं वजन नसतं.

सुनावणी नोव्हेंबरच्या शेवटी, जिल्ह्याच्या गावी. चार न्यायाधीश, दोन मालकांच्या बाजूचे, दोन कामगारांच्या. साक्षीदारांना बोलवत नाहीत, कागद वाचतात. आम्ही दोघी मागे लोकांच्या बाकावर बसलो. जिनेतनं वळून पाहिलं नाही.

कंपनीचा वकील वयस्क होता, शांत बोलणारा. त्यानं आधी पहिला कागद वाचला, मग दुसरा.

"आमच्यापुढे एकाच हातचे दोन कागद आहेत," तो म्हणाला. "पहिला घटनेनंतर लगेचचा. कुणी दडपण आणलेलं नाही. त्यात 'एकदा' हा शब्द नाही. दुसरा सात महिन्यांनी, मादाम प्रादो साक्षीदाराच्या घरी जाऊन आल्यावर, त्याच दिवशी लिहिलेला. त्यात 'एकदाच' आहे. लिहिणारी व्यक्ती एखादी अर्धशिक्षित बाई असती, तर मी म्हटलं असतं, काळाच्या रूपांत चूक झाली. पण मादाम लाशोम सदतीस वर्षं ह्या जिल्ह्यातल्या मुलांना हीच रूपं शिकवत आहेत. ह्या क्रियापदाचा अर्थ त्यांना कळला नाही, असं म्हणून मी त्यांचा अपमान करणार नाही."

दोघं-तिघं हसले. मादाम लाशोम उभ्या राहिल्या.

"ती चूक होती," त्या म्हणाल्या. "माझी."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा, मादाम. तुम्हाला बोलावलेलं नाही."

त्या बसल्या. संघटनेच्या माणसानं जमेल तेवढं मांडलं, की पुढचं वाक्य वाचा, ते एका दिवसाचं आहे. तो रेल्वेत काम केलेला माणूस. व्याकरणावर बोलताना अडखळत होता. ज्या बाईला ते चार वाक्यांत समजावता आलं असतं ती मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती.

निकाल जानेवारीत टपालानं आला. दावा फेटाळला. निकालात लिहिलं होतं की, आपल्या पेशामुळे शब्दांचं वजन जाणणाऱ्या साक्षीदारानं जी क्रिया नेहमीची म्हणून सांगितली, ती न्यायालय नेहमीची मानतं.

जिनेतला वाल्रोशमध्ये काम मिळालं नाही. पुढे दूरच्या गावातल्या वृद्धाश्रमात खोल्या साफ करायला लागली, पहाटेच्या बसनं जायची. भजनमंडळातलं माझ्या शेजारचं माणूस त्या वर्षी गप्प झालं. मादाम लाशोम ओठ हलवायच्या, आवाज निघायचा नाही. एकदा मला म्हणाल्या, "पापनिवेदनाला गेले होते. फादर म्हणाले, तुम्ही खोटं लिहिलेलं नाही, मग कशाची क्षमा मागता? मी काय सांगणार? क्रियापदाची?" मी म्हटलं, देवाला कळतं. त्या म्हणाल्या, "त्याला कळूनही काय उपयोग? तो सही करत नाही."

तो त्यांचा शाळेतला शेवटचा हिवाळा. भूतकाळाचा धडा आला. मी मधल्या सुट्टीनंतर मुलांचे ओले मोजे वाळत घालायला वर्गात गेले, तेव्हा फळ्यावर लिहिलेलं होतं: 'चौदा जानेवारीला सकाळी नऊ वाजता बर्फ पडत होतं. चौदा जानेवारीला सकाळी नऊ वाजता म्हातारी लाकडं गोळा करत होती.' प्रत्येक वाक्याला तारीख आणि वेळ. एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, लांडग्याकडे घड्याळ होतं का?" आधी अशा प्रश्नावर बाई स्वतः हसल्या असत्या.

"लिहून घे," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये निवृत्त झाल्या. निरोपाला नगराध्यक्षांनी भाषण केलं, त्यात चुका होत्या. बाईंनी त्या काढल्या नाहीत. त्यानंतर चार वर्षं जगल्या. अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. कुणी भांडलंही नाही. लोक रस्त्यात नमस्कार करायचे आणि बोलता बोलता थांबायचे.

त्यांच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी पाव आणायला गेले. बेकरीवाली मादाम शासें गल्ल्यावर होती, आणि पुढे नगरपालिकेतली एक नवीन बाई, गावात येऊन दोनच वर्षं झालेली. माझ्यामागून जिनेत आली. रजेवर होती, की दफनासाठी सुट्टी घेतली होती, मला ठाऊक नाही. चर्चमध्ये तर मी तिला पाहिलं नव्हतं.

"शिक्षिका होत्या ना त्या?" नवीन बाईनं विचारलं. "चर्चमध्ये इतके थोडे लोक कसे?"

"काय सांगायचं," मादाम शासें पाव कागदात गुंडाळत म्हणाली. "शिकवायच्या चांगलं. पण लोकांच्या चुगल्या वरिष्ठांना लिहून पाठवायच्या."

तिनं तेच रूप वापरलं. ह्या वेळी मात्र त्याचा एकच अर्थ होत होता.

"एकदा," मी म्हटलं. "एकदाच लिहिलं त्यांनी."

मादाम शासेंनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "जिनेत, तुझ्याहून कुणाला जास्त ठाऊक? सांग की."

जिनेत नाणी हातात घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरं काय ते माहीत होतं, बाईंचा दुसरा कागद तिच्याच बाजूनं न्यायालयात गेला होता, तारखेसकट.

"हो," ती म्हणाली. "लिहायच्या." आणि तिनं नेहमीचा अर्धा पाव मागितला.